मदत हवी आहे: दिवाळीच्या शुभेच्छा कुणाला वेगळ्या लिहायच्या, कुणाला एकगठ्ठा?

ठाणेकर_सूनबाई
दिवाळीच्या शुभेच्छांचं खातं आमच्याकडे इतकी वर्षं सासऱ्यांकडे होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वही माझ्याकडे आली. वहीत १४३ घरं आहेत. गेल्या वर्षी मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच पणतीवाला मेसेज धाडला आणि दोन घोळ झाले. एका घरी श्रावणात आजोबा गेले होते, त्यांनाही 'आनंदाची, भरभराटीची' गेलं. त्यांचं उत्तर आलं, "आमच्याकडे यंदा दिवाळी नाही." दुसरा घोळ म्हणजे सासऱ्यांच्या आतेभावाला काही मिळालंच नाही, ते अजून फुगून आहेत. माझ्या फोनवर तर मेसेज गेलेला दिसतो. यंदा यादी कशी लावू?

चकलीचा_सोऱ्या
एक ग्रुप काढा, सगळ्यांना घाला, पाडव्यानंतर मोडून टाका. पाच मिनिटांचं काम.

जुना_टपालवाला
ग्रुप नको. १४३ घरांचे नंबर एकमेकांना दिसतील आणि पहिल्या तासात पन्नास जण 'तुम्हालाही' म्हणतील, त्यात कामाचं उत्तर हरवेल. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, उत्तर फक्त तुम्हालाच येतं.

बोरिवली_फास्ट
+१. ब्रॉडकास्टला २५६ जण चालतात, म्हणजे एका फटक्यात सगळ्यांना पोचेल.

जुना_टपालवाला
२५६ बरोबर, 'सगळ्यांना पोचेल' चूक. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो. आतेभावांकडे सासऱ्यांचा नंबर असणार, सूनबाईंचा कशाला असेल? त्यांच्या रुसव्याचं कारण बहुधा हेच. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. दुसऱ्या दिवशीही ज्यांचं नाव 'पोचलं' किंवा 'वाचलं' यांत नाही, त्यांना तोच मेसेज वेगळा पाठवा. किंवा सरळ सासऱ्यांच्या फोनवरून लिस्ट करा.

आता कुणाला वेगळं लिहायचं ते. नात्याच्या जवळिकीने यादी लावू नका, फसाल. सख्ख्या बहिणीशी रोज बोलणं होतं, तिला पत्र कशाला? प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: गेल्या दिवाळीपासून त्या घरात काय झालं. लग्न, बाळंतपण, ऑपरेशन, बदली, मृत्यू. रकाना भरला की वेगळी चिठ्ठी, रिकामा राहिला की ब्रॉडकास्ट. गेल्या वर्षी ज्यांनी स्वतःहून चार ओळी लिहिल्या होत्या त्यांनाही वेगळंच लिहा, त्यांना साचा पाठवला तर लागतं. आणि ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना फोन, वसुबारसेपासूनच सुरू करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणी उचलत नाही.

केळफूल
पण १४३ मेसेजमध्ये सुरुवातीला नाव बदललं की झालं ना वैयक्तिक?

जुना_टपालवाला
'प्रिय मंदाताई' आणि खाली तोच पणतीचा मजकूर असेल तर मंदाताईंना कळतं. एक ओळ अशी हवी की ती दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. "जावयाचा पहिला दिवाळसण, म्हणजे यंदा अनारशांची परीक्षा तुमची!" एवढं बास.

न्यूजर्सीची_नीता
माझाही प्रश्न असाच आहे. पुण्याहून चकल्या कुरियरने मागवल्या की चुरा होतो. यादी कशी करावी?

बोरिवली_फास्ट
नीताताई, यादी माणसांची चालली आहे, फराळाची नव्हे :)

ठाणेकर_सूनबाई
काल रात्री वही घेऊन सासऱ्यांजवळ बसले. मी नाव वाचायचं, त्यांनी त्या घरची वर्षाची बातमी सांगायची. १९ जणांना फोन, ३१ चिठ्ठ्या, ९३ ब्रॉडकास्ट. दोन नावं त्यांनी चिठ्ठीत ढकलली, रकाना रिकामा असताना. म्हणाले, "तो माणूस एकटा राहतो."

अडलंय ते चार दुखवट्याच्या घरांपाशी. आईचं म्हणणं, वर्षभर काहीच पाठवायचं नसतं.

केळफूल
आमच्याकडेही नाही पाठवत.

जुना_टपालवाला
शुभेच्छा नकोच, पण गप्प बसणंही मला पटत नाही. त्यांच्याकडे कढई चढत नाही, म्हणून शेजारपाजारचे फराळ नेऊन देतातच ना? तसंच दोन ओळी लिहा. 'दिवाळी' आणि 'शुभ' हे शब्द टाळा, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्यांना आधी ब्रॉडकास्टमधून काढायला मात्र विसरू नका.

केळफूल
नाव घेतलं की सणात रडू येतं हो. मी तरी भाऊबीज झाल्यावर फोन करीन.

ठाणेकर_सूनबाई
दोन घरं सासऱ्यांनी 'लिही' म्हटलं, दोन 'नंतर जाऊन येऊ'. कारण विचारलं, तर सांगितलं नाही.

न्यूजर्सीची_नीता
चकल्यांचं कुणी सांगेल का?