शब्दचर्चा : ख्रोनोस आणि कैरोस, बोलणारा कुठला कधी वापरतो?

पिंपळपार : ग्रीकमध्ये वेळेसाठी ख्रोनोस आणि कैरोस असे दोन शब्द आहेत. ख्रोनोस म्हणजे घड्याळात मोजायची वेळ आणि कैरोस म्हणजे मनाला भिडणारी, अर्थपूर्ण वेळ, असं सगळीकडे सांगतात. पण प्रत्यक्ष बोलताना माणूस कुठे कुठला शब्द घालत असे? मी एका व्याख्यानाचं भाषांतर करते आहे आणि नेमकी इथेच अडले आहे. कुणी मूळ ग्रीक वाचलं असेल तर एखादं खरं वाक्य दाखवा.

दौत : सोपं आहे. ख्रोनोस म्हणजे आपलीच पोरं गिळणारा तो देव. काळ सगळ्यांना गिळतो, त्यावरून नाव पडलं. कैरोस म्हणजे संधी. आपल्याकडे 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' म्हणतात, त्यात काळ म्हणजे ख्रोनोस आणि वेळ म्हणजे कैरोस. झालं तुमचं भाषांतर.

ओवरी : दौत, संधीपर्यंत तुमच्याशी सहमत आहे. पण पोरं गिळणारा तो क्रोनोस, 'क'चा. वेळेचा शब्द ख्रोनोस, 'ख'चा. ग्रीकमध्येही ही दोन वेगळी अक्षरं आहेत. दोघांची सांगड प्राचीन ग्रीकांनीच घातली, त्यामुळे गैरसमज फार जुना आहे, पण शब्द वेगळे. आणि आपल्या म्हणीतला काळ म्हणजे मृत्यू. ख्रोनोसला तो अर्थ नाही.

पिंपळपार, तुम्हाला वाक्य हवं आहे तर डेमोस्थेनीसचं घ्या. इसवी सनापूर्वी 351च्या सुमारास अथेन्सच्या सभेत त्याने मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध पहिलं भाषण केलं. त्यात तो म्हणतो, काम करण्याचा ख्रोनोस आपण तयारीत खर्चून टाकतो, आणि कामांचे कैरोस आपल्या संथपणासाठी आणि सबबींसाठी थांबत नाहीत.

इथे क्रियापदं बघा. ख्रोनोस खर्च होतो, पैशासारखा. तो आपल्या हातातला असतो आणि तो उधळायचा की वापरायचा हे आपण ठरवतो. कैरोस मात्र कामांचा आहे, माणसांचा नाही. तो बाहेर, घटनांमध्ये असतो. तो थांबत नाही आणि आपण त्याला उशिरा पोचतो. म्हणून 'मनाला भिडणारी वेळ' हा अर्थ मला पटत नाही. डेमोस्थेनीसच्या श्रोत्यांना काय वाटत होतं याच्याशी त्या कैरोसला काही देणंघेणं नव्हतं.

पिंपळपार : हे फार कामाचं आहे. उशिरा पोचणं म्हणजे नक्की कशाला? त्या भाषणात काही प्रसंग आहे का?

ओवरी : आहे, आणि वरच्या वाक्याच्या किंचित आधीच आहे. तो विचारतो, पानाथेनाइया आणि डायोनिसिया हे उत्सव नेहमी ठरलेल्या ख्रोनोसला होतात, मग तुमच्या मोहिमा मात्र कैरोसच्या मागून का पोचतात? मेथोनीची, पागासाईची, पोतिदायाची, तिन्ही.

कारणही तोच देतो. उत्सवाचं सगळं कायद्याने बांधलेलं. गायनवृंदाचा खर्च कोण उचलणार, कुणाला कुणाकडून काय आणि केव्हा मिळणार, हे प्रत्येकाला कितीतरी आधी माहीत असतं. युद्धाचं काहीच ठरलेलं नसतं. बातमी आली की मग युद्धनौकांचा खर्च उचलणारे नेमायचे. त्यातला एखादा म्हणतो, माझ्यापेक्षा तो श्रीमंत, भार त्याच्यावर टाका. मग तो वाद ऐकायचा. मग पैसा कुठून आणायचा ते बघायचं. मग जहाजावर कुणाला चढवायचं यावर चर्चा. तोवर ज्या ठाण्यासाठी निघायचं ते गेलेलं असतं.

फिलिपला हे पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेचे वारे सुटतात तेव्हा, किंवा ऐन हिवाळ्यात, तो हल्ला करी. अथेन्सची जहाजं वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेला जाऊच शकत नसत. म्हणून डेमोस्थेनीसचा तोडगा असा की दर वेळी इथून कुमक पाठवू नका. कायमचं सैन्य ठेवा आणि हिवाळ्यात त्याचा तळ लेम्नोस, थासोस, स्कियाथोस या बेटांवर असू द्या. ख्रोनोस आधीच खर्चून ठेवायचा, म्हणजे कैरोस आला की माणसं जागेवर असतील.

गलबत : मी ग्रीक मालकाच्या जहाजांवर नोकरी केली आहे. माझा अनुभव जरा वेगळा. तिथे 'केरोस' म्हणजे हवामान! उच्चारही तसाच, 'के'. कप्तान सकाळी केरोस विचारायचा तो वारा-पावसाचा. आणि 'ख्रोनोस' वर्षासाठी. वय विचारताना तोच शब्द. संधीबिंधी कुणी बोलताना ऐकलं नाही. तेव्हा पुस्तकातला अर्थ आता राहिलेला नाही, असं माझं मत.

दौत : म्हणजे ओवरींचं सगळं मोडीत निघालं की.

ओवरी : मोडीत नाही, पण गलबत सांगतात ते खरं आहे. आजच्या ग्रीकमध्ये तर उलटही दिसतं. 'तुला बघून बराच केरोस झाला' असं म्हणतात, म्हणजे लांबीसाठी केरोस! 'वेळ नाही' म्हणायला दोन्ही शब्द चालतात. जुना अर्थ जोडशब्दांत टिकला आहे: संधीला आजही 'एफकेरिआ' म्हणतात, चांगला कैरोस. आणि एक म्हण आहे, प्रत्येक गोष्ट आपल्या केरोसला आणि कोलिओस ऑगस्टात. कोलिओस हा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा.

सांजवात : मी वसईची. आमच्या वाचनात मार्काच्या पहिल्या अध्यायात आणि गलतीकरांच्या चौथ्यात, दोन्हीकडे 'काळाची पूर्णता' येते. फादरांनी एकदा सांगितलं होतं की ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी कैरोस आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ख्रोनोस. तेव्हापासून मला प्रश्न आहे, लिहिणाऱ्यांनी खरंच फरक मनात धरला होता का?

ओवरी : यावर अभ्यासकांत वाद झाला आहे. जेम्स बार यांनी 1962 साली जोरदार आक्षेप घेतला होता की शब्दांच्या या जोडीवर अख्खं कालविषयक धर्मशास्त्र उभं करणं चूक आहे, कारण नव्या करारात दोन्ही शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात. तुम्ही दिलेली जोडी त्यांच्याच बाजूची वाटते. मी डेमोस्थेनीसच्या त्या परिच्छेदाबद्दल छातीठोक बोलेन, सगळ्या ग्रीकबद्दल नाही.

पिंपळपार : मग मराठीत 'मुहूर्त' लिहू का? माझ्या व्याख्यात्याने वक्त्याचा कैरोस म्हटलं आहे.

ओवरी : मुहूर्त नको. मुहूर्त पंचांगात आधी काढलेला असतो, म्हणजे तो डेमोस्थेनीसच्या उत्सवांकडे झुकतो, ठरलेल्या ख्रोनोसकडे. कैरोस पंचांगात सापडत नाही. 'मोका' अर्थाने जवळ आहे, पण व्याख्यानाच्या सुराला हलका पडेल. मी 'ऐन वेळ' लिहीन, आणि साधायची, हुकायची अशी क्रियापदं देईन.

सांजवात : होमरमध्ये मेनेलाओसला बाण लागतो तेव्हा तो भावाला धीर देतो की बाण घातक जागी रुतलेला नाही. तिथला शब्द कैरोसच्याच घरातला ना?

ओवरी : हो, कैरिओन. आपण 'मर्मी लागला' म्हणतो ती जागा. नाम म्हणून कैरोस होमरमध्ये येतच नाही, विशेषण येतं आणि ते शरीरावरच्या जागेबद्दल. हेसिओदमध्ये नाम येतं ते मापाच्या अर्थाने: गाडीवर फाजील ओझं लादलं तर आस मोडतो, म्हणून सगळ्यात कैरोस उत्तम.

दौत : जागा, माप आणि मग वेळ. मग 'ऐन वेळ'मध्ये मापाचा अर्थ कुठे आला?

ओवरी : नाही येत. वक्त्याच्या बाबतीत तोही हवा, कारण किती बोलायचं हेही कैरोसमध्येच धरतात. पिंपळपार, तुमच्या व्याख्यात्याचं मूळ वाक्य इथे टाका, त्यातलं क्रियापद बघून ठरवू.