दराची फोड मागा

«फाउंड्रीवाल्यानं कास्टिंगचा दर एकदम वाढवलाय, मेलमध्ये काय लिहू?»

आधी दराची फोड मागा. शिरोलीत आमच्या शॉपला किलोला ९५ चे १०४ मागितले होते. त्या ९५ मध्ये धातूचे ५५ होते, धातू ८ टक्के वाढला होता. म्हणजे खरी वाढ ४ रुपये ४० पैसे. मी लिहिलं: ‘४.४० मान्य. उरलेल्या ४.६० साठी विजेची बिलं दाखवा, भट्टीचा खर्च वाढला असेल तर बोलू. नाहीतर दर ९९.४० ठेवा, आम्ही ४५ ऐवजी १५ दिवसांत पैसे देतो. दर तिमाहीला धातूप्रमाणे दर वर-खाली होईल.’ ९९.४० वर जमलं. १५ दिवस पाळता येणार असतील तरच लिहा हं, एकदा चुकलात की पुढची मेल कुणी वाचत नाही.