घड्याळाच्या पट्ट्याने उठणारं पुरळ: कोणता पट्टा चालला, धुता कसा?

शेवंती_ठाणे

मंडळी, दीड वर्ष मनगट खाजवून झाल्यावर हा धागा काढते आहे.

लेकीने वाढदिवसाला फिटनेस बँड दिला, काळ्या सिलिकॉनच्या पट्ट्याचा. पहिले दोन महिने काही झालं नाही. मे महिन्यात मनगटाच्या आतल्या बाजूला लाल पुळ्या आणि खाज सुरू झाली. मला वाटलं सिलिकॉन सोसत नाही, म्हणून चामड्याचा पट्टा आणला. आठवडाभर बरं वाटलं. मग पाऊस सुरू झाला, चामडं रोज ओलं राहायला लागलं आणि खाज दुप्पट झाली. मग कुणीतरी सांगितलं की स्टीलची जाळी घे, तिला हवा लागते. ऑनलाइन साडेतीनशेला मिळाली. तिने तर लस यायला लागली.

एका रविवारी चष्मा लावून चट्टा नीट पाहिला. हे आधीच करायला हवं होतं. पट्टा मनगटाला चहूबाजूंनी टेकतो, पण लाल फक्त तेवढंच होतं जिथे बक्कल बसतं. चौकोनी, कडा पट्टीने आखल्यासारख्या. सिलिकॉन आणि चामडं, दोन्हीचं बक्कल धातूचं होतं, आणि जाळी तर सगळीच धातूची. मग कॉलेजातलं आठवलं: खोटे कानातले घातले की दोन दिवसांत कान चिघळायचे, आणि जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ कायमचा काळा डाग होता.

आता वेल्क्रोचा नायलॉन पट्टा वापरते, त्यात धातू नाहीच. चट्टा जायला तीन आठवडे लागले. आता नवी कटकट अशी की नायलॉन पावसाळ्यात वाळत नाही.

तुमचे अनुभव लिहा. पुरळ नेमकं कुठे उठलं तेही सांगा, नुसतं 'रॅश आला' नको.

वऱ्हाडी_वाटसरू

ताई, माझा अनुभव वेगळा आहे. मला बक्कलाखाली काहीच नाही, घड्याळाच्या पोटाखाली गोल चट्टा. तिथं तो हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्यानं कातडी भाजते. मी सेटिंगमधून हार्ट रेट बंद केलं, पंधरा दिवसांत चट्टा गेला. पट्ट्याच्या मागं लागू नका, दिवा बंद करा.

झांज_पथक

भोसरीत प्लेटिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, म्हणून बक्कलाबद्दल थोडं लिहितो. स्वस्त बक्कल बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. वर आरशासारखी चमक दिसते ती क्रोमची, पण क्रोमचा थर अगदी नावाला, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. खरा जाड थर त्याच्या खालचा, आणि तो निकेलचा. क्रोम घासलं गेलं की घामातलं मीठ थेट निकेलवर, आणि धातूची ॲलर्जी असली की दोषी बहुतेक वेळा हे घामात सुटणारं निकेलच असतं. शेवंतीताईंना पहिले दोन महिने काही झालं नाही, त्याचं एक कारण हे असू शकेल. नवीन बक्कलाला दोष सापडत नाही, झिजलेल्याला सापडतो. कडांजवळ पिवळसर झाक दिसायला लागली की समजा खालचा थर उघडा पडतोय.

चांगल्या ३१६एल स्टीलमध्येही दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं, घामात फार कमी सुटतं. म्हणून निकेल किती आहे यापेक्षा किती सुटतं हे बघायचं. युरोपातला नियमही असाच आहे: अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. साडेतीनशेची जाळी कुठल्या पत्र्याची होती कुणास ठाऊक.

घरी तपासायचं तर डायमिथाइलग्लायॉक्झिमचा किट मिळतो. कापसाच्या काडीवर थेंब टाकून बक्कलावर अर्धा मिनिट घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. नाही झाली तरी शंभर टक्के सुटका नाही, कारण अगदी थोडं सुटत असेल तर रंग दिसत नाही.

डॉ_कर्दळ

त्वचेचीच प्रॅक्टिस करते, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

वाटसरू, एक विचारू? दिवा बंद केलात तेव्हा पट्टाही सैल केला होता का?

वऱ्हाडी_वाटसरू

हो, केला होता. हार्ट रेट मोजायचंच नाही तर आवळून कशाला बांधायचं? रात्री काढूनही ठेवत होतो.

डॉ_कर्दळ

मग श्रेय दिव्याला देऊ नका. त्या दिव्यात कातडी भाजण्याइतकी ताकद नसते. घड्याळाच्या मागच्या खोलगट भागात घाम आणि साबण अडकून बसतो आणि घट्ट बांधल्यावर तो बाहेर पडू शकत नाही. ही ॲलर्जी नव्हे, कातडी भिजून सोलवटल्याचा दाह आहे, लहान मुलांना लंगोटाने होतो तसाच. जळजळ जास्त, खाज कमी, आणि दोन-चार दिवस घड्याळ काढलं की उतार पडतो. शेवंतीताईंचं प्रकरण उलटं: खाज जास्त, वस्तू लागल्यावर एक-दोन दिवसांनी उठणारी, आणि वस्तू काढल्यावरही आठवडे रेंगाळणारी. नुसतं बघून दर वेळी ओळखता येतं असं नाही. दोन्ही एकत्रही असतात.

खात्री करायची तर पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या कप्प्यांत ठरावीक पदार्थ लावून ४८ तासांनी पट्ट्या काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. भारतीय संचात निकेल असतं, चामडं कमावताना वापरतात त्या क्रोमियमचा क्षार असतो आणि आपलं गाजरगवतसुद्धा असतं. त्यामुळे सिलिकॉन, चामडं असा अंदाजाने पैसा घालवण्यापेक्षा एकदा ती करून घेतलेली बरी.

शेवंती_ठाणे

मी केली. निकेलच्या खुणेवर टम्म लाल. त्रास टेस्टचा नाही, पाठ भिजू द्यायची नाही त्याचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात निम्म्या अंगाची आंघोळ! क्रोमियमला काही उठलं नाही, म्हणजे चामडं बिचारं निर्दोष होतं.

गूळ_नको

मला पण हाच त्रास आहे. शुगर मोजायचा सेन्सर दंडावर चिकटवते, चौदा दिवस ठेवायचा. तिसऱ्यांदा लावल्यापासून खाली लालभडक गोल होतो. पट्टा बदलायचा म्हणता, पण याला पट्टाच नाही. काय करू?

डॉ_कर्दळ

ताई, तुमचा प्रश्न वेगळा, पण इथे अगदीच परका नाही. सेन्सरच्या बाबतीत संशय गोंदातल्या ॲक्रिलेटवर असतो. घड्याळांतही हे घडलंय. २०१४ मध्ये 'फिटबिट फोर्स' हा बँड कंपनीने बाजारातून परत मागवला, तेव्हा स्टीलमधलं निकेल आणि पट्ट्यातली किंवा गोंदातली द्रव्यं अशी कारणं सांगितली होती. नखांना जेल लावणाऱ्या मुलींना ॲक्रिलेटची ॲलर्जी आधीच जडलेली असते, त्यांना मी हे आवर्जून विचारते. तुम्ही सेन्सर मनाने बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना चट्टा दाखवा. वेगळ्या गोंदाचा सेन्सर मिळतो का, ते त्यांच्याशी बोला.

तालमीतला

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्या जिममधली निम्मी पोरं घड्याळ घालूनच आंघोळ करत्यात, वॉटरप्रूफ हाय म्हणून. मीबी करायचो. पट्ट्याखाली साबणाचा फेस राहतो, आणि वर कोरडं दिसतं म्हणून कळत न्हाई. माझं सगळं मनगट सोललं. सिलिकॉन बदलून महागातला फ्लुरोइलॅस्टोमर घेतला, तरी तेच. पट्टा कुठलाबी घ्या, आंघोळीला काढला आन् फरक पडला. आता वर्कआउट झाला की पट्टा सॅनिटायझरनं पुसतो, जंतू मरत्यात.

डॉ_कर्दळ

पैलवान, आंघोळीचं एकदम बरोबर. सॅनिटायझर मात्र सोडा. आधीच सोललेल्या कातडीला स्पिरिट लागलं की आणखी कोरडी पडते, आणि घामातलं मीठ काही त्याने निघत नाही. ते पाण्यानेच निघतं.

शेवंती_ठाणे

माझा रोजचा क्रम लिहिते. बरेच प्रयोग करून इथे आले आहे.

संध्याकाळी चालून आले की घड्याळ काढते. मागची बाजू ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. पट्टा पिनेवरून सोडवते. सिलिकॉनचा असताना वाटाण्याएवढं बिनसाबणाचं क्लेन्झर, तेच जे डॉक्टर तोंड धुवायला देतात, जुन्या मऊ टूथब्रशवर घेऊन भोकांतून आणि पिनेच्या खाचेतून फिरवायचे. सगळी घाण त्या खाचेत, काळी मळी निघते. मग वाहत्या पाण्याखाली, बोटाला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. भांड्यांचा साबण एकदा वापरला होता. वास छान, पण दुसऱ्या दिवशी जळजळ.

नायलॉन मगभर पाण्यात थेंबभर क्लेन्झर टाकून चुबकते, दोनदा साध्या पाण्यातून काढते आणि टॉवेलात दाबते. पिळत नाही, वेल्क्रो वाकडा होतो. मेमध्ये दोन तासांत वाळतो, जुलैत पंख्याखाली रात्रभर. म्हणून सारखेच दोन घेतले, एक हातावर, एक दोरीवर. घड्याळ परत घालण्याआधी मनगटही धुऊन पुसून तासभर मोकळं ठेवते. रात्री घालायचं झालं तर दुसऱ्या हातावर.

खारे_वारे

दुबईत आहे, उन्हात साइटवर काम. नायलॉन इथे दुपारपर्यंत मिठाने कडक होतो, हातावर पांढरी रेघ उमटते. मी पुन्हा सिलिकॉनवर आलो, पण टायटॅनियमच्या बक्कलाचा. बक्कलाला रंगहीन नेलपॉलिश लावायची युक्ती कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. माझं चौथ्या दिवशी सोललं.

झांज_पथक

घासणाऱ्या जागी कुठलाही असा थर टिकत नाही. तेवढ्या खटपटीपेक्षा बक्कल बदला. पट्ट्याची रुंदी २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर बाजारात सुटं मिळतं. काही बँडांना मात्र त्यांचाच पट्टा बसतो, ते घेण्याआधी बघा.

अबोली_७

मला औषधाच्या दुकानातून एक ट्यूब दिली होती. लावली की दोन दिवसांत गायब, सोडली की परत. आता चट्टा मनगटावरून कोपराकडे सरकतोय. कडेला लाल आणि बारीक खवले, मध्ये साफ. पट्टा कुठला घेऊ?

डॉ_कर्दळ

आत्ता कुठलाच घेऊ नका. कडा पुढे सरकते आणि मध्ये साफ होतं, हे वर्णन नायट्यासारखं वाटतंय. न बघता ठाम सांगत नाही. ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव असेल तर खाज दबते आणि बुरशी आत पसरत राहते. ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घड्याळही तोवर हातावर नको.

वऱ्हाडी_वाटसरू

डॉक्टरसाहेब, कालपासून दिवा चालू केला आणि पट्टा सैल ठेवला. अजून तरी चट्टा नाही. पण सैल ठेवला की पळताना ठोके भलतेच दाखवते, जिन्यावर १८०!

डॉ_कर्दळ

पळताना मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून आवळा, आणि थांबलात की लगेच सैल करा.

वऱ्हाडी_वाटसरू

आवळलं नाही का मग परत?