मदत हवी आहे: चेंडू सुटताना पुढच्या गुडघ्याचा कोन दर चेंडूला वेगळा का भरतो?

मी शिवाजी पार्कवर सकाळी काही मुलांची गोलंदाजी पाहतो. त्यांतल्या चौदा वर्षांच्या एका उजव्या मध्यमगती गोलंदाजाचा डावा गुडघा, पाऊल टेकल्यानंतर वाकतो असे मला वाटते. खात्री करण्यासाठी फोन मिड-ऑफजवळ स्टँडवर लावून सहा चेंडू चित्रित केले आणि किनोव्हियामध्ये एकेक फ्रेम सरकवून चेंडू सुटतानाचा कोन मोजला. तो १४१ पासून १६४ अंशांपर्यंत येतो. मुलाची क्रिया डोळ्यांना तर एकसारखी दिसते. माझे कुठे चुकते आहे?

जुना मध्यमगती: तुम्ही साध्या ३० फ्रेमच्या चित्रणावर मोजले असणार. पुढचे पाऊल टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो, म्हणजे तुमच्या हाती जेमतेम तीन फ्रेम लागतात आणि चेंडू सुटण्याचा क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मध्येच निसटतो. स्लो मोशनमध्ये २४० ठेवा आणि बोटे व चेंडू यांच्यामध्ये पहिल्यांदा फट दिसेल तीच फ्रेम प्रत्येक चेंडूला धरा. दुसरे म्हणजे, मिड-ऑफवरून पाय तिरका दिसतो आणि तिरक्या पायाचा कोन खोटा भरतो. फोन गोलंदाजाच्या डाव्या हाताला, पॉपिंग क्रीजच्याच रेषेत, दहाएक मीटर लांब आणि कमरेच्या उंचीवर ठेवा. चित्रात क्रीजची रेघ सरळ उभी दिसली पाहिजे. ती कलली, तर फोन सरकला आहे असे समजा. सैल पँटवर गुडघा नेमका सापडत नाही, म्हणून खुबा, गुडघा आणि घोटा यांवर चिकटपट्टी लावा.

नेटकरी: याच चित्रणात कोपरही मोजून घ्या, १५ अंशांच्या वर गेला तर क्रिया अवैध ठरते.

जुना मध्यमगती: १५ अंशांची मर्यादा खरी आहे, परंतु ती कोपर किती वाकलेला आहे याची नसून हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत तो किती सरळ होतो याची आहे. एका कॅमेऱ्यात दंड नुसता फिरला तरी कोपर सरळ झाल्यासारखा भासतो, त्यामुळे फोनवरून कोणत्याही मुलावर तसा शिक्का मारू नये.

मुलुंडची आई: माझी मुलगी संध्याकाळी दिव्यांखाली लेगस्पिन टाकते. २४० वर चित्र लुकलुकते. फोन बिघडला आहे का?

जुना मध्यमगती: नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात आणि २४० वर ते दिसून येते. उन्हात चित्रण करा.

धागाकर्ता: आज सांगितल्याप्रमाणे केले. सहाही चेंडूंना कोन १४७ ते १५२ च्या दरम्यान आला, आणि पाऊल टेकताना तो १६५ च्या आसपास होता. म्हणजे गुडघा खरोखरच वाकतो. आता तो ताठ ठेवायला शिकवू का?

जुना मध्यमगती: ताठ पायाने वेग मिळतो, पण जमिनीचा धक्काही जास्त बसतो. वाढत्या वयात मी तरी घाई करणार नाही. त्याआधी रन-अपमधली शेवटची उडी पाहा. ती फार लांब असेल, तर गुडघा त्यामुळेही वाकत असेल.

नेटकरी: मला हे पटत नाही. सवय एकदा मुरली की पुढे सुटत नाही.