मदत हवी आहे: ३० सेकंदांच्या जाहिरातीचा स्टोरीबोर्ड, कागदावर ३० भरतात पण फोनवर २२च निघतात

रामबागचा_नातू (इंदूर)
नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजीच्या काळापासून पोह्यांवर टाकायचा जिरावण मसाला कुटतात. आता पाकिटं काढली आहेत, आणि त्यासाठी ३० सेकंदांची हिंदी जाहिरात करायची आहे. शूटिंग आम्हीच करणार, पुढच्या रविवारी. शॉट मी असे लिहिले होते: पहाटेचा राजवाडा ३ सेकंद, वाफेवरचे पोहे ३, बाबा जिरं भाजताना ४, खलबत्ता ३, आजी ३, पोह्यांवर जिरावण ३, माझ्या मुलीचा पहिला घास ३, सगळे एकत्र ३, शेवटी पाकीट ५. बेरीज बरोबर ३०.

मागच्या आठवड्यात फोनवर कच्चं शूट करून जोडलं. मला सगळं हळुवार हवं होतं, म्हणून प्रत्येक दोन शॉटमध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह टाकला. तर जाहिरात २२ सेकंदांची झाली! शॉट लांबवले तर कंटाळवाणं होतं. शिवाय बाबा शॉटच्या शेवटी कॅमेऱ्याकडे बघून "झालं का?" विचारतात, ते खलबत्त्यावर भुतासारखं उमटतं. ट्रान्झिशन कागदावर कसं लिहायचं असतं?

मालवी_मावशी (इंदूर)
अरे वा! जिरावणात आमचूर घालता की काळं मीठ जास्त? आमच्याकडे पावसाळ्यात गोळे होतात, त्याला काय करता?

फटाफट_कट (ग्वाल्हेर)
भाऊ, डिझॉल्व्ह जुनं झालं. जाहिरातीत सगळे सरळ कट मारायचे, दर दोन सेकंदांनी एक. १५ शॉट करा, प्रश्न मिटला.

टेबलावरचा_एडिटर (इंदूर)
नातू, तुमचे आठ सेकंद कुठे गेले ते आधी सांगतो. डिझॉल्व्ह चालू असताना दोन्ही शॉट एकाच वेळी पडद्यावर असतात. तो सेकंद तुम्ही दोन्ही शॉटमध्ये मोजला, पण पडद्यावर तो एकदाच आला. नऊ शॉट म्हणजे आठ जोड, म्हणून ३० वजा ८, २२. खरं नुकसान तर वेगळंच आहे. मधल्या ३ सेकंदांच्या शॉटचा पहिला सेकंद आधीच्या चित्रात मिसळलेला, शेवटचा पुढच्यात. स्वच्छ उरतो एकच सेकंद. जिरावण पोह्यांवर पडतंय, ज्यासाठी सगळा खटाटोप, ते तुम्ही एक सेकंदच नीट दाखवलंत. म्हणूनच एकीकडे घाई वाटते आणि लांबवलं की रेंगाळतं.

ग्वाल्हेरकरांचं अर्धं पटतं: कट हाच मूळ जोड. पण भाजलेल्या जिऱ्याचा रंग बदलताना दोन सेकंदांत दिसत नाही. १५ शॉटमध्ये वासाची जाहिरात होत नाही.

डिझॉल्व्ह एकच ठेवा, जिथे खरोखर काळ बदलतो तिथे: बाबांवरून आजीवर. मी असं लिहीन:

१. वरून, कढईत जिरं. चित्र यायच्या आधीच तडतड ऐकू येते. ४ सेकंद. कट.
२. बाबा डोळे मिटून वास घेतात. ३ सेकंद. डिझॉल्व्ह, १ सेकंद.
३. तरुण आजी कुटते आहे, बाजूने. ५ सेकंद. कट.
४. वरून खलबत्त्याचं गोल तोंड. ३ सेकंद. मॅच कट.
५. वरून पोह्यांची गोल बशी, हात येतो, जिरावण भुरभुरतं. ५ सेकंद. कट.
६. मुलगी घास घेते, थांबते, बशीकडे बघते. ५ सेकंद. कट.
७. पाकीट आणि नाव. ६ सेकंद.

बेरीज ३१, त्यातला एक डिझॉल्व्ह खातो, उरले ३०. राजवाडा काढला, कारण तो मसाल्याबद्दल काही सांगत नाही. "सगळे एकत्र"ही काढला. मुलीचा चेहरा पुरतो.

चार ते पाच हा जोड सगळ्यात अवघड. नुसतं "मॅच कट" लिहून भागत नाही. शॉट चारची शेवटची चौकट आणि पाचची पहिली चौकट शेजारी शेजारी काढा, दोन्हीत गोल त्याच जागी, त्याच मापाचा. खलबत्ता लहान, बशी मोठी, म्हणून बशीसाठी कॅमेरा वर न्यावा लागेल. खलबत्त्याचा शॉट झाला की फोनच्या स्क्रीनवर पारदर्शक चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने गोल गिरवा आणि बशी त्या गोलात बसवा. उजेड दोन्हीकडे एकाच बाजूने हवा. थोडी चूक एडिटिंगमध्ये मोठं करून झाकता येते, सावली उलटी असेल तर नाही. जमलं की नाही ते ओळखायला दोन्ही चौकटी आलटून पालटून बघा. डोळ्याला गोल शोधावा लागला तर पुन्हा घ्या.

बाबांचं "झालं का?" येतं कारण मागे-पुढे जागा सोडली नाही. वास घेऊन झाल्यावरही त्यांना दोन सेकंद तसंच थांबायला सांगा. डिझॉल्व्हला शॉटचं शेपूट लागतं.

वडोदऱ्याची_सुनीती (वडोदरा)
माझा अनुभव सांगते. आमच्या साडीच्या दुकानाची जाहिरात एका थिएटरसाठी करून घेतली होती. चित्रं सुरेख, पण निवेदन इतकं लांब की दुकानाचं नाव शेवटच्या सेकंदात कसंबसं आलं. तुमचं निवेदन किती शब्दांचं आहे? आणि थिएटरमध्ये दाखवणार असाल तर जाहिरातीलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तो वेळ धरा.

रामबागचा_नातू
सुनीतीताई, निवेदन ९२ शब्दांचं. आत्ता घड्याळ लावून वाचलं, ४१ सेकंद झाले. जाहिरात यूट्यूबवरच द्यायची आहे. मावशी, आमचूर आहे. गोळ्यांचं बाबांना विचारून सांगतो.

टेबलावरचा_एडिटर
निवेदन साठ शब्दांच्या आत आणा. भाजताना आणि कुटताना कुणी बोलूच नये, ते दोन आवाजच तुमचं निवेदन. बोर्डात आवाजाचा रकाना वेगळा ठेवा आणि ठोका बाबांच्या शॉटमध्येच सुरू करा, चित्र मागून येऊ दे. मग चौकटींचे फोटो काढून फोनवर लिहिलेल्या वेळेप्रमाणे लावा, खाली स्वतःचा आवाज टाका. शूटआधी दोन तास जातील, पण चूक कागदावरच सापडेल.

फटाफट_कट
यूट्यूब असेल तर माझं ऐका. पाच सेकंदांनी लोक पुढे ढकलतात. तुमचं पाकीट २४व्या सेकंदाला येतंय! पहिल्या शॉटमध्येच कढईशेजारी ठेवा.

टेबलावरचा_एडिटर
मुद्दा खरा आहे. पण कढईशेजारी पाकीट म्हणजे घरात कुटलेलं की विकत आणलेलं, हा गोंधळ होतो. मी कोपऱ्यात फक्त नाव ठेवीन.

फटाफट_कट
कोपऱ्यातलं नाव फोनवर कोण वाचतं, दादा?

रामबागचा_नातू
दोन्ही प्रकारे घेऊन घरी दाखवतो. काल रात्री फोटो लावून पाहिले, बरोबर ३० भरले. शब्द ५७ वर आले. बशीसुद्धा चिकटपट्टीच्या गोलात बसली. तरुण आजी म्हणून आत्याचे हात घेणार आहे, चेहरा नाही. एकच अडचण: आत्या डावखुरी आहे, आणि पोह्यांवर जिरावण मी उजव्या हाताने टाकतो. चालेल?

टेबलावरचा_एडिटर
मॅच कटवर हात उडी मारेल. जिरावण आत्यालाच टाकायला सांगा, डाव्या हाताने. बत्ता ज्या बाजूने चौकटीत येतो त्याच बाजूने हात येऊ दे. बांगड्या मात्र आजीच्या आणि आजच्या वेगळ्या घाला.