मदत हवी आहे: ओळ संपली की लेक थांबते

आम्ही इंदूरचे. लेकीला हिंदीच्या तोंडी परीक्षेत आधी न पाहिलेला उतारा वाचायचा असतो. ती अर्थाऐवजी ओळ संपते तिथे थांबते: ‘नर्मदा के किनारे बसे छोटे से’, मग श्वास, मग ‘गाँव में एक कुम्हार रहता था’. घरी ‘गाँव में’नंतर पेन्सिलीने तिरकी रेघ मारून दिली की छान वाचते, पण परीक्षेच्या कागदावर खुणा चालत नाहीत. रेघेशिवाय नजर पुढच्या ओळीवर आधीच कशी न्यायची?

‘आत्मनिर्भरता’ ती आत्म-निर्भरता असं फोडून म्हणते, पण मग अख्खं वाक्य पहिल्यापासून घेते. शिवाय ‘विज्ञान’चं ‘विद्न्यान’ करते. आजीला तेच बरोबर वाटतं, पण मार्क हिंदीचे, तिथे ‘विग्यान’ हवं. कुणी मुलांकडून हे बसवून घेतलंय का? नेमकं काय केलंत?