पॅकिंग लिस्टचा फोटो बिलाशी जुळवायचाय, ओळी कशा पाडता? (सल्ला हवा)

कुपवाड_अकाउंट्स:
नमस्कार, मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते. माल गेटवर उतरला की आमचे स्टोअरवाले पॅकिंग लिस्टचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकतात आणि बिल मेलवर पीडीएफमध्ये येतं. त्या फोटोवरून आयटम, नग आणि वजन एक्सेलमध्ये घेऊन मला बिलाशी जुळवायचं असतं. परवाच्या लिस्टमध्ये असं होतं बघा, बॉक्स १ ते ६ फ्लँज ४० नग प्रत्येकी, बॉक्स ७ मध्ये फ्लँज २० आणि बुश ६०, बॉक्स ८ ते १० बुश १२० प्रत्येकी. एका बॉक्सचं नेट-ग्रॉस १ ते ६ ला ३४ आणि ३६.५ किलो, ७ ला ३२ आणि ३४.५, ८ ते १० ला ३० आणि ३२.५. खाली टोटल १० बॉक्स, नेट ३२६, ग्रॉस ३५१. बिलात फ्लँज दोन ओळीत आहे, २०० आणि ६०, कारण पीओ दोन होत्या, आणि बुश ४२०. मी फ्लँजसमोर फक्त पहिली ओळ धरली, २४० आले, आणि २० नग कमी आले म्हणून सप्लायरला मेल टाकला. ते २० सात नंबरच्या बॉक्समध्ये होते. मालकांपर्यंत फोन गेला, मला फार वाईट वाटलं. महिन्याला अशा तीस-चाळीस लिस्ट येतात, तुम्ही लोक कसं करता सांगा.

सांगली_मोबाईलवाला:
ताई सोपं आहे, फोटो गॅलरीत उघडा, लेन्स दाबा, सगळं टेक्स्ट सिलेक्ट करून कॉपी करा आणि एक्सेलमध्ये पेस्ट करा, दोन मिनिटाचं काम. मी दुकानाची बिलं अशीच घेतो.

कुपवाड_अकाउंट्स:
दादा ते केलं मी. सगळं एकाखाली एक एकाच कॉलममध्ये आलं, कुठला आकडा नगाचा आणि कुठला वजनाचा तेच कळेना. आणि बॉक्स नंबरच्या जागी `01-Jun` आणि `08-Oct` अशा तारखा आल्या.

मिरज_स्टोअर:
त्या तारखा म्हणजे तुमचे बॉक्स नंबर आहेत ताई. `1-6` आणि `8-10` पेस्ट केलं की एक्सेल त्याला तारीख समजतं, १ जून आणि ८ ऑक्टोबर. एकदा तारीख झाली की नंतर फॉरमॅट टेक्स्ट करून उपयोग नाही, तिथं भलताच पाच आकडी नंबर दिसतो. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग पेस्ट करायचं. आयटम कोडच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही असंच टिकतं, नाहीतर उडून जातं.

लेन्सवाला सल्ला बिलाच्या दोन-चार ओळींना चालतो, टेबलला नाही, कारण ते अक्षरं देतं पण कॉलम मोडतं. एक्सेल ३६५ असेल तर `Data` मध्ये `From Picture` आहे, ते रकान्यासकट घेतं आणि जिथं त्याला खात्री नसते तो सेल आधी दाखवून विचारतं. तिथं घाईनं ओके करत सुटू नका. आणि स्टोअरवाल्यांना सांगा की कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि दशांशाचा ठिपका सगळ्यात आधी जातो.

पण तुमची खरी चूक फोटो वाचण्यात झालीच नाही. पॅकिंग लिस्ट बॉक्सच्या हिशोबानं लिहिलेली असते, बिल आयटमच्या हिशोबानं. एका बॉक्सात दोन आयटम, एक आयटम सात बॉक्सात, आणि बिलात तोच आयटम दोन ओळीत. ओळीला ओळ लावायला गेलं की फसणारच. म्हणून मी फोटोवरून दोन शीट करतो. पहिल्या शीटला नाव `Rows`, त्यात फक्त बॉक्स आणि आयटम:

```
A पासून, B पर्यंत, C आयटम, D बॉक्समधले नग, E एकूण
1, 6, फ्लँज, 40, 240
7, 7, फ्लँज, 20, 20
7, 7, बुश, 60, 60
8, 10, बुश, 120, 360
```

इथं बॉक्स नंबर पासून आणि पर्यंत असे दोन कॉलममध्ये फोडले की तारखेची भानगडच उरत नाही. एकूणचा आकडा लिस्टवरून उचलू नका, `=(B2-A2+1)*D2` नं काढा आणि मग छापलेल्याशी बघा. काही सप्लायर १ ते ६ समोर नुसतं २४० लिहितात, ते प्रत्येकी की मिळून हे तिथंच उघडं पडतं.

दुसऱ्या शीटला वजन, तिथं प्रत्येक बॉक्स एकदाच. सात नंबरची ओळ `Rows` मध्ये दोनदा आहे, तिथंच ग्रॉस पण लिहिलं तर ३४.५ दोनदा धरलं जातं, टोटल ३८५.५ येते आणि बॉक्स अकरा होतात. मग माणूस कमी-जास्त माल शोधत बसतो.

बिल तिसऱ्या शीटला `Bill` नावानं, आयटम A मध्ये आणि नग C मध्ये. मग आयटमची यादी वेगळी घेऊन समोर हे टाका:

```
=SUMIFS(Rows!E:E,Rows!C:C,A2)-SUMIFS(Bill!C:C,Bill!A:A,A2)
```

फ्लँजला इकडून २६० आणि तिकडून २०० अधिक ६०, शून्य. बुशला ४२० वजा ४२०, शून्य. नाव दोन्हीकडं वेगळं असेल तर दोन्ही शीटला आयटमच्या जागी कोड लिहा आणि कोडावर जुळवा, नावावर नको.

तासगाव_बेदाणा:
आमचं पण वजनाचंच दुखणं हाय. कोल्ड स्टोरेजला १५ किलोचे बॉक्स ठेवतो, काढताना काट्यावर कमी भरत्यात, व्यापारी म्हणतोय फरक तुम्ही सोसा. पावतीवर बॉक्सची संख्या हाय पण वजन न्हाय. ताई तुमच्या सप्लायरनं पण वजन मारलं आसंल, काटा पावती मागा.

मिरज_स्टोअर:
काका तुमचं वेगळं आहे, तिथं माल ठेवल्यावर वजनच बदलतं. इथं माल पूर्ण आला होता, कागद वाचायचा प्रश्न होता. तुमचं वेगळ्या धाग्यात टाका, तिथं माहितीतले लोक भेटतील. पण काटा म्हणालात ते कामाचं आहे, त्यावर खाली लिहितो.

कऱ्हाड_टॅली:
मला एक विचारायचं होतं. सात नंबरच्या बॉक्सचं ग्रॉस ३४.५ एकच आहे ना, मग ते नगाच्या प्रमाणात वाटून टाकलं तर प्रत्येक आयटमसमोर वजन येईल आणि बिलाशी वजन पण जुळेल. म्हणजे ८० नगांतले २० फ्लँज, म्हणजे पाव वजन. मी तसंच करते.

मिरज_स्टोअर:
नगाच्या प्रमाणात केलं तर फ्लँजला ८.६ किलो येईल, पण १ ते ६ नंबरच्या बॉक्सवरून बघा, ३४ भागिले ४० म्हणजे एक फ्लँज ०.८५ किलोचा. वीस फ्लँज १७ किलोचे होतात. आणि बुश ८ ते १० वरून ३० भागिले १२०, म्हणजे ०.२५, साठ बुश १५ किलो. १७ अधिक १५ म्हणजे ३२, छापलेलं नेट बरोब्बर. बिल किलोवर असेल आणि आयटमवार नेट लागलंच तर असं एका आयटमच्या बॉक्सवरून काढा. ग्रॉस मात्र वाटू नका, खोक्याचं वजन कुठल्याच आयटमचं नसतं.

हाच हिशोब फोटो चुकीचा वाचला का ते सांगतो. प्रत्येक बॉक्सला ग्रॉस वजा नेट करा, सगळीकडं २.५ येतंय, म्हणजे खोकं एकाच जातीचं. ठिपका गेला आणि ३४.० चं ३४० झालं तर नेट ग्रॉसपेक्षा मोठं होतं, लगेच दिसतं. ४० चं १० वाचलं गेलं तर एक फ्लँज ३.४ किलोचा होतो, तेही दिसतं. शेवटची ओळ फोटोत कापली गेली तर खालच्या टोटलशी जुळत नाही. नुसती नगांची टोटल बघून मात्र थांबू नका, फ्लँज दहा कमी आणि बुश दहा जास्त असले तरी ६८० च येतात.

सांगली_मोबाईलवाला:
हे भारी आहे, मी फक्त बिल घेत होतो त्यामुळं वजनाचं डोक्यातच नव्हतं.

इस्लामपूर_स्टोअर:
दहा ओळींना कशाला एवढं, एकानं वाचायचं एकानं टाइप करायचं, आम्ही बावीस वर्षं असंच करतोय आणि हिशोब चुकत नाही. फोटोवरून घेतलेला आकडा मी पुन्हा कागदाशी लावल्याशिवाय सोडत नाही, मग वेळ वाचला कुठं?

मिरज_स्टोअर:
दहा ओळींना बरोबर आहे दादा, मी पण टाइपच करतो. पण ऐंशी ओळी आणि तीन पानं आली की वाचणाऱ्याची नजर ओळ सोडते. शीट दोन्हीत तीच लागते, आकडे हातानं आले काय नि फोटोवरून आले काय.

आष्टा_पायथन:
माझ्याकडं ३६५ नाही, मी हे वापरतो:

```
tesseract pl.jpg out --psm 6 tsv
```

यात प्रत्येक शब्दाबरोबर तो पानावर कुठं आहे आणि किती खात्रीचा आहे हे येतं, त्यावरून कॉलम पुन्हा लावता येतात. छापील लिस्टला ठीक चालतं. पेननं लिहिलेलं असेल तर सोडून द्या, ते डोळ्यांनीच वाचा.

कुपवाड_अकाउंट्स:
मिरज दादा, रात्री बसून केलं, शून्य शून्य आलं, खूप आभार. पण पेनवरून आठवलं. फोटो मोठा करून बघितला तर सात नंबरला फ्लँजचे २० खोडून बाजूला पेननं १८ लिहिलंय. आधी मला ती रेघ सावली वाटली. नेट-ग्रॉस खोडलेलं नाही, खालची टोटल पण तीच. बिल २६० चंच आहे. आता २० धरू का १८?

मिरज_स्टोअर:
दोन्ही ठेवा. छापील २० एका कॉलमला, पेनचे १८ शेऱ्यात, फोटोत जे आहे ते पुसायचं नाही. आणि तो बॉक्स काट्यावर ठेवा, इथं काका बोलले ते उपयोगी पडतं. वीस असतील तर ३४.५ भरेल, अठरा असतील तर १.७ कमी, म्हणजे ३२.८. प्लॅटफॉर्म काट्यावर एवढा फरक सहज दिसतो. गाडीच्या काट्यावर मात्र दिसणार नाही.

कुपवाड_अकाउंट्स:
स्टोअरला विचारलं, तो बॉक्स कालच फोडला. बुश लाईनला गेले, फ्लँज बिनमध्ये टाकलेत आणि त्यात सहा नंबरच्या बॉक्सचे पण मिसळलेत.

इस्लामपूर_स्टोअर:
मग सगळे फ्लँज मोजा ताई, लाईनला किती गेले ते इश्यू स्लिपवर असेल. मोजून २५८ भरले तर जीआरएन २५८ चीच करा. बिलावरून जीआरएन करायची नाही.

कऱ्हाड_टॅली:
पण सप्लायर म्हणेल आम्ही २६० पाठवले, वजन पण ३२ छापलंय. खोडलं कुणी, त्यांनी का आपल्या गेटवर? सही आहे का शेजारी?

मिरज_स्टोअर:
हेच बघायला पाहिजे. त्यांनी खोडलं असेल तर त्यांच्याकडच्या प्रतीवर पण १८ असेल, तिचा फोटो मागवा. आपल्या माणसानं मोजून खोडलं असेल तर तो कुणी ते आजच विचारा, आठवड्यानं कुणाला आठवणार नाही.

कुपवाड_अकाउंट्स:
सही नाही. गेटवर त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टचे दादा होते, ते चार वाजता येतात. तोपर्यंत बिनमधले मोजून घेते आणि या वेळी मोजणी झाल्याशिवाय सप्लायरला मेल टाकत नाही.